फिल्म आधी टोचायची की काढायची? आयात पाकिटांवरच्या सूचना मराठीत उतरवताना

प्रश्न: "परदेशातून येणाऱ्या फ्रोझन जेवणांच्या पाकिटांसाठी मी मराठी स्टिकरचा मजकूर लिहून देते. मूळ पाकिटावर १६५ अंश फॅरनहाइट, ११०० वॅट, दीड ते अडीच मिनिटं असे आकडे आणि सहा-सात पायऱ्या असतात. आयातदार म्हणतो, ७० अंश, ६ मिनिटं असं सरळ लिहा, जागा कमी आहे. आकडे गोल केले, पायऱ्या एकत्र केल्या तर खरंच काही बिघडतं का?"

बिघडतं. किती बिघडतं हे मात्र दोन गोष्टींवर अवलंबून आहे. आतला पदार्थ आधीच शिजवलेला आहे की कच्चा, ही पहिली. आणि तुम्ही ज्या आकड्याला हात लावताय तो कुठल्या जातीचा आहे, ही दुसरी. मी आयातदारांसाठी असा मजकूर लिहितो आणि इतरांनी लिहिलेला तपासतो. त्याआधी तयार जेवणं बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात होतो, त्यामुळे हे आकडे पाकिटावर येतात कुठून ते जवळून पाहिलेलं आहे.

ते असे येतात. उणे १८ अंशांवर गोठलेलं पाकीट बाहेर काढतात आणि त्याच ट्रेमध्ये, त्याच फिल्मखाली, ठरावीक वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. मग ट्रेच्या मध्यभागी, कोपऱ्यांत, जाड तुकड्याच्या पोटात अशा अनेक जागी थर्मामीटरची टोकं खुपसून तापमान घेतात. यातली सगळ्यात थंड जागा कुठली ते शोधतात, आणि ती जागासुद्धा ठरलेल्या तापमानाला पोहोचेपर्यंत वेळ बदलून बदलून पुन्हा तापवतात. एकाच वॅटचे दोन मायक्रोवेव्हही सारखे तापवत नाहीत, म्हणून हे वेगवेगळ्या यंत्रांवर करून बघतात. दीड ते अडीच मिनिटं हा विचित्र दिसणारा आकडा या खटाटोपातून निघालेला असतो. तुम्ही त्याचे "२ मिनिटं" केलेत, तर कुणीच न तपासलेली नवी कृती तुम्ही छापलीत, आणि तीही उत्पादकाच्या नावाखाली.

आता आकड्यांच्या जाती. पाकिटावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक प्रकार यंत्राला सांगायचा: ११०० वॅट, ४ मिनिटं, ४०० अंश फॅरनहाइट ओव्हन. दुसरा प्रकार अन्नाने गाठायचा: मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट. यंत्राचे आकडे यंत्र बदललं की हलू शकतात. अन्नाचा आकडा कुठल्याही यंत्रात, कुठल्याही घरात तोच राहतो, कारण तो जंतू मारण्यासाठी आहे आणि जंतूंना तुमच्या मायक्रोवेव्हशी देणंघेणं नाही. तुमच्या आयातदाराने नेमका हाच आकडा खाली ओढलाय. सगळ्या मजकुरात सर्वांत कमी छेडावा असा आकडा जर कुठला असेल, तर तो हाच.

१६५ अंश फॅरनहाइट म्हणजे ७३.९ अंश सेल्सिअस. मग ७० कुठून आलं? बहुधा कुठेतरी वाचलेलं, आणि ते चुकीचंही नाही, फक्त अर्धं आहे. ब्रिटनमधली सरकारी शिफारस अशी आहे की अन्नाचा मध्यभाग ७० अंशांवर २ मिनिटं राहिला पाहिजे. त्याच्या बरोबरीच्या जोड्याही दिलेल्या आहेत: ६५ अंशांना १० मिनिटं, ७५ ला ३० सेकंद, ८० ला ६ सेकंद. म्हणजे तापमान आणि तिथे टिकण्याचा वेळ हे जोडीनेच चालतात. अमेरिकी पाकिटावरच्या १६५ अंशांत टिकण्याचा वेळ वेगळा लिहिलेला नसतो, कारण तिथे पोहोचलं की काम झालं असं धरलेलं असतं. एका देशाच्या जोडीतलं तापमान उचलून, त्याचा वेळ तिथेच सोडून, दुसऱ्या देशाच्या पाकिटावर चिकटवलं की दोन्ही पद्धतींपेक्षा कमी शिजलेलं अन्न मिळतं.

तुमच्या प्रश्नातल्यासारखं एक पाकीट सविस्तर घेऊ. गोठवलेला चिकन पास्ता, काळा प्लास्टिक ट्रे, वर पारदर्शक फिल्म. ११०० वॅटसाठीच्या छापील सूचना अशा: फिल्मला तीन-चार ठिकाणी टोचा. हाय पॉवरवर ४ मिनिटं. फिल्मचा कोपरा उचलून ढवळा, फिल्म परत बसवा. हाय पॉवरवर आणखी दीड ते अडीच मिनिटं. २ मिनिटं मायक्रोवेव्हमध्येच राहू द्या. मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट झालंय का ते थर्मामीटरने पाहा. आणि आयातदाराला हवा असलेला मजकूर साधारण असा: "फिल्म काढून ६ मिनिटं गरम करा. ढवळून, थंड झाल्यावर खा."

बेरीज बरोबर आहे, ४ आणि २ सहाच. तरी पदार्थ बिघडतो, आणि कारण बर्फात आहे. मायक्रोवेव्हची ऊर्जा द्रव पाणी जितकी शोषतं त्याच्या तुलनेत बर्फ फारच थोडी शोषतो. ट्रेच्या कडा आधी वितळतात. एकदा तिथे पाणी झालं की तीच जागा जास्त ऊर्जा ओढते, आणखी तापते, आणखी ओढते. मध्ये मात्र बर्फाचा गोळा तसाच बसलेला. चार मिनिटांनी थांबून ढवळायला सांगतात ते यासाठी: कडेचा उकळता रस मध्ये जातो, मधला बर्फ कडेला येतो, आणि दुसऱ्या फेरीत सगळं एकाच सुरुवातीवरून तापतं. सहा मिनिटं सलग चालवून शेवटी ढवळलं, तर कडा सुकून ट्रेला चिकटलेल्या असतात आणि मधल्या चिकनच्या तुकड्यात बोटाला गार लागेल असा भाग उरतो. ढवळल्यावर वरून वाफ येते, त्यामुळे खाणाऱ्याला ते कळतही नाही. वाफ दिसली म्हणजे शिजलं, हा समज अशा पाकिटांच्या बाबतीत फार फसवतो.

काही पाकिटांवर याच कारणासाठी पहिली फेरी ५० टक्के पॉवरवर आणि दुसरी पूर्ण पॉवरवर असते. तिथे दोन्ही वेळांची बेरीज करून "हाय पॉवरवर इतकी मिनिटं" लिहिलेलं मी पाहिलंय. कमी पॉवरवर मायक्रोवेव्ह सहसा थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा चालतो, आणि त्या बंद वेळात कडेची उष्णता आत सरकते. ती सवड काढून टाकली की पॉवर वाढवण्याचा फायदा फक्त कडांना मिळतो.

फिल्मचंही तसंच. टोचलेली फिल्म वाफ आत धरते, आणि वरचा थर त्या वाफेवर शिजतो. फिल्म काढून टाकली तर वरचा थर सुकतो आणि छापील वेळ कमी पडतो. न टोचता ठेवली तर फुगून फुटते. आधी टोचा, नंतर कोपरा उचला, परत बसवा, शेवटी काढा, हा क्रम त्या फिल्मचा आहे. "फिल्म काढा" हे एकच वाक्य त्या चारही कृतींची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या एखाद्या पाकिटावर फिल्म पूर्ण काढायलाच सांगितलेलं असतं, विशेषतः ओव्हनच्या सूचनेत. तिथे तेच बरोबर. म्हणून एका पाकिटाची सवय दुसऱ्यावर नेऊ नका, एकाच उत्पादकाची असली तरी.

आता ती २ मिनिटं. माझ्या तपासणीत सर्वाधिक वेळा बिघडलेली पायरी हीच असते. मायक्रोवेव्ह बंद झाल्यावरही गरम भागातून थंड भागाकडे उष्णता जात राहते, आणि मधलं तापमान या काळात वाढतं. ही दोन मिनिटं शिजण्याचीच आहेत. "थंड होऊ द्या" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, तोंड भाजू नये म्हणून सांगितलंय, मी फुंकर घालून खाईन. मी "२ मिनिटे तसेच बंद राहू द्या, या वेळात मधला भाग शिजतो" असं लिहितो. चार शब्द जास्त जातात, जाऊ देत. आणि थर्मामीटरची पायरी या पायरीच्या नंतरच आली पाहिजे. आधी मोजलं तर मधला भाग अजून चढत असतो, आणि आकडा गाठलेला नसताना माणूस उगाच परत तापवून कडा वाळवतो.

हे सगळं किती गंभीर असू शकतं याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. २००७ साली अमेरिकेत गोठवलेल्या पॉट पायमुळे, म्हणजे पिठाच्या कवचात मांस-भाज्यांचं सारण भरलेल्या पदार्थामुळे, साल्मोनेला या जंतूची साथ आली होती आणि सुमारे ४०० रुग्ण नोंदले गेले. ते पॉट पाय पूर्ण शिजवून खाण्यासाठी होते, नुसते गरम करून खाण्यासाठी नव्हते. चौकशीत दिसलं की बहुतेक रुग्णांनी पॉट पाय मायक्रोवेव्हमध्ये केला होता, आपल्या मायक्रोवेव्हचे वॅट फार थोड्यांना माहीत होते, आणि नंतर थांबायची पायरीही थोड्यांनीच पाळली होती. सूचना छापलेल्या होत्या. वॅट आणि थांबणं, या दोन ठिकाणीच त्या निसटल्या.

म्हणून वॅट कधीही गाळू नका. "४ मिनिटे" हा अर्धा आकडा आहे, "११०० वॅटवर ४ मिनिटे" हा पूर्ण. जपानी पाकिटांवर बऱ्याचदा ५०० आणि ६०० वॅटच्या वेगळ्या वेळा शेजारी शेजारी असतात, ब्रिटनच्या पाकिटांवर वॅटसोबत एखादं अक्षर असतं, ते तिथल्या मायक्रोवेव्हच्या दर्शनी पट्टीवरच्या अक्षराशी जुळवायचं असतं. दोन वेळा दिल्या असतील तर दोन्ही ठेवा. जागा वाचवायला एक निवडली की निवडीची जबाबदारी तुमच्यावर आली.

इथे आयातदार नक्की म्हणेल, की आमच्या ग्राहकांकडे ८०० वॅटचे मायक्रोवेव्ह आहेत, हिशोब करून वेळ लिहून टाका. हिशोब सोपा आहे: ४ मिनिटं गुणिले ११००, भागिले ८००, म्हणजे साडेपाच मिनिटं. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीही असाच अंदाज बांधतो, कारण शेवटी थर्मामीटर हातात असतो. पण स्टिकरवर हा आकडा छापत नाही. ऊर्जा सारखी झाली तरी हळू तापताना कडेची उष्णता आत सरकायला जास्त वेळ मिळतो, बाहेर जाणारी वाफही वेगळी असते, म्हणून निकाल कधी जुळतो, कधी नाही. उत्पादकाला विचारा. चाचणीच्या वेळी कमी वॅटवरचे आकडे बऱ्याचदा घेतलेले असतात, पाकिटावर जागा नाही म्हणून छापलेले नसतात. ते लेखी मिळाले तर खुशाल छापा. आणि ग्राहकासाठी एक ओळ घालता आली तर ही घाला: वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी पॉवर, यंत्राच्या मागच्या पट्टीवर ती 'आउटपुट' म्हणून लिहिलेली असते. तिथेच वीज किती ओढतो तो मोठा आकडाही असतो, आणि लोक नेमका तोच वाचतात. १२०० वॅट वीज ओढणारा मायक्रोवेव्ह अन्नाला ८०० च देत असू शकतो.

रूपांतराबद्दल. मूळ आकडा पहिला, रूपांतर कंसात, हा माझा नियम. मूळ पाकिटावर दोन्ही एककं छापलेली असतील तर तुम्ही गणित करूच नका. ४०० अंश फॅरनहाइटच्या शेजारी उत्पादकाने २०० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. गणिताने ते २०४ येतं, पण तो आकडा त्याने ओव्हनच्या खुणा बघून ठरवलेला आहे, तसाच ठेवा. एकच एकक असेल आणि तुम्हालाच रूपांतर करायचं असेल, तर गोल करण्याची दिशा सांभाळा. अन्नाने गाठायचं किमान तापमान गोल करायचं तर वरच्या बाजूला: ७३.९ चं ७४, ७३ कधीच नाही. साठवणुकीचं कमाल तापमान गोल करायचं तर खालच्या बाजूला: ४० अंश फॅरनहाइट म्हणजे ४.४ सेल्सिअस, ते ४ होईल, ५ नाही. शेजारच्या पूर्णांकावर जाण्याची शाळेतली सवय या दोन्ही वेळी योगायोगाने बरोबर येते, भरवसा ठेवावा अशी नाही.

ओव्हनच्या सूचनेत पंख्याचा आकडा आणि बिनपंख्याचा आकडा वेगळा असतो, साधारण २० अंश सेल्सिअसचा फरक. जर्मन पाकिटावर दोन्ही असतात, ब्रिटिश पाकिटावर तिसरा गॅसचा आकडाही असतो. प्रत्येक आकडा कुठल्या ओव्हनचा ते त्याला चिकटूनच आलं पाहिजे. "ओव्हन आधी तापवून घ्या" ही पायरी पहिली असेल तर ती पहिलीच ठेवा, कारण पुढची मिनिटं तापलेल्या ओव्हनमधली मोजलेली आहेत.

अन्नाचं गणित बरोबर असूनही आकडा छपाईत मरतो, त्याबद्दल थोडं जास्त सांगतो. इंग्रजी पाकिटावर 1 1/2 असतं. स्टिकरच्या मजकुरात मधली मोकळी जागा गेली की ते 11/2 होतं, आणि बारीक अक्षरांत ११ मिनिटांसारखं दिसतं. 4.5 मिनिटं लिहिलं तर माणूस मायक्रोवेव्हवर 4:50 दाबतो, वीस सेकंद जास्त. युरोपातल्या पाकिटांवर दशांशासाठी स्वल्पविराम असतो, 1,5 म्हणजे दीड. काही ठिकाणी मिनिटांसाठी एक उभी रेघ आणि सेकंदांसाठी दोन रेघा असतात, त्या रेघा नक्कल करताना पडून जातात. "साडेचार मिनिटे" हे आपल्याकडे बोलायला आणि कळायला सर्वांत सोपं, पण बटणं दाबायची असतात, म्हणून मी "4 मिनिटे 30 सेकंद" असंच लिहितो.

आणि अंक कुठले वापरायचे? मराठी मजकूर म्हणून मराठी अंक, हे साहजिक वाटतं. पण मायक्रोवेव्हच्या पट्टीवर, ओव्हनच्या खुणांवर आणि थर्मामीटरवर सगळीकडे इंग्रजी अंक असतात. शिवाय बारीक छपाईत मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा आणि मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. दोन्ही प्रकारचे अंक एकाच पाकिटावर असले की, म्हणजे मूळ छपाई इंग्रजी आणि स्टिकर मराठी, नजर कुठल्या पद्धतीने वाचतेय ते सांगता येत नाही. ४ मिनिटांऐवजी 8 मिनिटं चालवलेला ट्रे वितळूही शकतो. सूचनांमध्ये मी इंग्रजी अंकच ठेवतो, भाषाप्रेमींनी माफ करावं.

जागेच्या प्रश्नाला उत्तर पायऱ्या कमी करणं हे नाही, वाक्यं आखूड करणं हे आहे. एक पायरी, एक क्रियापद, एक आकडा. इंग्रजीत नंतरची कृती वाक्यात आधी येऊ शकते, "फिल्म काढण्यापूर्वी २ मिनिटं थांबा" अशा धाटणीने. घाईत वाचणारा "फिल्म काढ" एवढंच पकडतो. मराठीत जे आधी करायचं ते आधी लिहा, "पूर्वी" आणि "नंतर" यांची गरजच पडत नाही. वरच्या पाकिटाचा माझा मजकूर असा होईल:

मायक्रोवेव्ह (1100 वॅट). गोठलेलेच वापरा.
1. फिल्मला 3-4 ठिकाणी टोचा.
2. हाय पॉवरवर 4 मिनिटे चालवा.
3. फिल्मचा कोपरा उचलून ढवळा. फिल्म परत बसवा.
4. हाय पॉवरवर 1 मिनिट 30 सेकंद ते 2 मिनिटे 30 सेकंद चालवा.
5. 2 मिनिटे मायक्रोवेव्हमध्येच राहू द्या. या वेळात मधला भाग शिजतो.
6. मध्यभागी थर्मामीटरने 165°F (74°C) पाहा. मग फिल्म काढा.

वरची "गोठलेलेच वापरा" ही ओळ मूळ पाकिटावर पुढच्या बाजूला, सूचनांपासून दूर छापलेली होती. ती मी सूचनांच्या डोक्यावर आणली, कारण वितळलेल्या पाकिटाला हे सगळे आकडे लागू नाहीत. अशी स्वतंत्र अट जवळ आणणं वेगळं आणि पायऱ्यांचा क्रम बदलणं वेगळं. पाचव्या पायरीतलं "या वेळात मधला भाग शिजतो" आणि सहाव्यातलं "मग फिल्म काढा" एवढीच माझी भर आहे. पहिल्याने कुठला आकडा बदलत नाही, दुसऱ्याने कुठली पायरी मागेपुढे होत नाही. तरी दोन्ही मी उत्पादकाला कळवतो. दीड ते अडीचचा पट्टा पट्टाच ठेवला आहे. तो पट्टा सहाव्या पायरीसाठी आहे: दीडला थांबून बघा, कमी असेल तर अडीचपर्यंत जा. सरासरी काढली की ही सोय जाते.

मोजताना थर्मामीटरचं टोक सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्ये गेलं पाहिजे, ट्रेच्या तळाला टेकता कामा नये, आणि दोन-तीन जागी बघून सगळ्यात कमी आकडा धरायचा. हे स्टिकरवर मावत नाही, पण तुम्ही स्वतः पाकीट करून बघणार असाल तर उपयोगी पडेल. लिहिलेली सूचना एकदा तरी स्वतः, फक्त स्टिकर वाचून, करून बघा असा माझा आग्रह असतो. फिल्म परत बसवायची राहिली हे तेव्हा लगेच कळतं.

सुरुवातीला म्हटलेली पहिली गोष्ट, कच्चं की शिजलेलं. तळलेल्या आवरणाचे चिकनचे काही पदार्थ बाहेरून सोनेरी, पूर्ण तयार दिसतात. आवरण तेवढं तळलेलं असतं, आत मांस कच्चं. त्या पाकिटांवर शिजवायला सांगितलेलं असतं, आणि पुष्कळदा मायक्रोवेव्ह वापरू नका असंही. तिथे "गरम करा" हा शब्द आला तर बाकीचे सगळे आकडे बरोबर असूनही वाचणारा कोमट करून खाईल. मूळ मजकुरात शिजवा आहे की गरम करा, हे पहिल्यांदा बघा आणि संपूर्ण स्टिकरभर तेच क्रियापद ठेवा. चित्रावरून ठरवू नका.

आयातदाराशी बोलताना एक आधार देऊन ठेवतो. पाकीटबंद अन्नाच्या लेबलांसाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकात वापराच्या सूचना लेबलवर असाव्यात असं आहेच. शिवाय दुसऱ्या भाषेतलं पूरक लेबल लावलं तर त्यातली अनिवार्य माहिती मूळ लेबलवरची माहिती पूर्णपणे आणि अचूक दाखवणारी असली पाहिजे, असंही आहे. "जागा कमी आहे" यापुढे हे वाक्य ठेवलं की चर्चा सहसा स्टिकरच्या आकारावर येते, आणि ती तिथेच व्हायला हवी. स्टिकर मूळ आकड्यांवर चिकटवू देऊ नका एवढं बघा. ज्याला शंका आली त्याला खालचा छापील आकडा वाचता आला पाहिजे.

राहता राहिली अशी पाकिटं, जिथे मूळ छपाईच चुकलेली वाटते. इंग्रजी बाजूला ४ मिनिटं आणि फ्रेंच बाजूला ५, किंवा ४२५ अंश फॅरनहाइटच्या शेजारी १८० अंश सेल्सिअस, जे गणिताने २१८ च्या आसपास यायला हवं. अशा वेळी जास्त असलेला आकडा घेऊन मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका. कदाचित एक आकडा पंख्याच्या ओव्हनचा असेल आणि ते लिहायचं राहिलं असेल. दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो, बॅच क्रमांक आणि एकच प्रश्न उत्पादकाला पाठवा: या दोनपैकी चाचणी केलेला आकडा कुठला, आणि तो कुठल्या यंत्रावर? उत्तर लेखी येईपर्यंत तो स्टिकर छापायला देऊ नका. आयातदाराची घाई असेल तर त्याच पाकिटाची दुसरी पद्धत, म्हणजे ओव्हनचा घोळ असेल तर मायक्रोवेव्हची, तेवढीच छापता येईल का हेही त्याच पत्रात विचारून घ्या.